कॉल आणि पुटच्या किमतीत फरक का असतो? शेअर, ऑप्शन आणि व्याज यांचं नातं

प्रश्न: एक शेअर बरोबर १००० रुपयांवर आहे. ऑप्शन चेनमध्ये महिन्याभराच्या एक्सपायरीचा १००० चा कॉल ३१ रुपयांना दिसतो आणि १००० चाच पुट २५ रुपये ३० पैशांना. कॉल महाग आहे, म्हणजे शेअर वर जाईल असं बाजाराला वाटतंय ना? मित्र म्हणतो की या दोन किमतींचं शेअरशी आणि व्याजाशी ठरलेलं नातं असतं आणि ते मोडलं की बिनधोक पैसे मिळतात. जड गणित न वापरता कोणी समजावून सांगेल का?

उत्तर:

नाही, बाजाराचं मत या फरकात शोधू नका. ३१ वजा २५.३० म्हणजे ५ रुपये ७० पैसे. आता १००० रुपयांवर ७ टक्के दराने ३० दिवसांचं व्याज काढा. ते साधारण पावणेसहा रुपये येतं. तुम्हाला जी तेजी वाटते आहे ते महिन्याभराचं व्याज आहे. मी मुंबईत एका ब्रोकरच्या आर्बिट्राज डेस्कवर, म्हणजे भावांतल्या फरकावर कमावणाऱ्या विभागात, बरीच वर्षं काम केलं. कॉल आणि पुटमधला हा फरक दिवसभर डोळ्यांसमोर ठेवणं हेच आमचं काम होतं.

कॉल म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क आणि पुट म्हणजे ठरलेल्या किमतीला तो विकण्याचा हक्क. हे व्याज तिथे येतं कुठून, ते दोन भावंडांच्या उदाहरणावरून पाहू. थोरली बहीण आज १००० रुपयांना शेअर घेते आणि पडझडीची भीती म्हणून २५.३० देऊन १००० चा पुटही घेते. तिचे एकूण १०२५ रुपये ३० पैसे गेले. धाकटा भाऊ शेअर घेतच नाही. तो ३१ रुपयांना १००० चा कॉल घेतो आणि एक्सपायरीच्या दिवशी बरोबर १००० रुपये हातात येतील एवढी रक्कम ठेवीत टाकतो. ७ टक्के दराने आज ९९४ रुपये २८ पैसे ठेवले तर ३० दिवसांनी १००० होतात. त्याचे एकूण १०२५ रुपये २८ पैसे गेले.

महिना संपला आणि शेअर ११०० वर गेला असं समजा. थोरलीकडे ११०० चा शेअर आहे आणि तिचा पुट वाया गेला, म्हणजे हाती ११००. धाकट्याची ठेव १००० झाली आणि कॉलचे १०० मिळाले, म्हणजे त्याच्याकडेही ११००. शेअर ९०० वर आला तर? थोरलीचा शेअर ९०० चा, पण पुटमुळे तो १००० ला विकता येतो. धाकट्याचा कॉल शून्य झाला, पण ठेवीचे १००० आहेतच. दोघांकडे पुन्हा सारखेच. ६०० घ्या, १४०० घ्या, कोणताही आकडा घालून पाहा. शेवटी दोघांच्या हातात नेहमी सारखीच रक्कम राहते.

शेवट हमखास सारखा असलेल्या दोन गोष्टींची आजची किंमतही सारखीच असायला हवी. नसेल तर लोक स्वस्त असलेली घेतील, महाग असलेली विकतील आणि फरक मिटवतील. पुट-कॉल पॅरिटी म्हणतात ती एवढीच:

```
शेअर + पुट = कॉल + स्ट्राइकची आजची किंमत
```

स्ट्राइक म्हणजे कॉल-पुटमध्ये ठरलेली १००० ही किंमत आणि 'स्ट्राइकची आजची किंमत' म्हणजे धाकट्याने ठेवीत टाकलेले ९९४.२८. पुट उजवीकडे नेला तर कॉल आणि पुटमधला फरक मिळतो: शेअर वजा ९९४.२८, म्हणजे ५.७२. तुमच्या पडद्यावर ५.७० आहे. दोन पैसे सोडून द्या, ऑप्शनचा भाव मुळात पाच पैशांच्या पायरीनेच हलतो.

या मांडणीत शेअर वर जाण्याची किंवा पडण्याची शक्यता कुठेही आलेली नाही. थोरली आशावादी असो की धाकटा निराशावादी, हिशेब तोच राहतो. शेअर वर जाणार असं सगळ्यांना वाटायला लागलं तर ते आधी शेअरच्याच भावात उतरेल. शेअर १०२० होईल आणि मग कॉल-पुटमधला फरक त्या १०२० च्या हिशेबाने बदलेल. कंपनीचे तिमाही निकाल जवळ आले आणि मोठी हालचाल अपेक्षित असेल तर प्रीमियम फुगतो, पण दोन्हींचा एकदमच फुगतो. कॉल ४८ झाला तर पुट ४२.३० च्या आसपास जाईल. फरक पावणेसहाच राहील. बाजार किती घाबरलेला किंवा उत्सुक आहे ते कॉल आणि पुटच्या बेरजेवरून कळतं. वजाबाकीवरून कळतं ते व्याज.

व्याजाचा बोजा कॉलवरच का पडतो? कॉल घेणाऱ्याला १००० रुपये आज द्यावे लागत नाहीत. ते महिनाभर त्याच्याकडे राहून व्याज कमावतात, म्हणून कॉलची किंमत तेवढी जास्त. शेअर धरून पुट घेणाऱ्याचं उलट आहे. त्याचे हमीचे १००० महिन्याभराने मिळणार, तोवर पैसा अडकलेला, म्हणून पुट तेवढा स्वस्त. मी नवीन मुलांना असं सांगायचो की कॉल घेणं म्हणजे कर्ज काढून शेअर घेणं आणि त्या शेअरचा विमाही उतरवणं. ३१ रुपयांच्या कॉलमध्ये २५.३० विम्याचे आहेत, उरलेले ५.७० उधारीचे. कोणी कॉल घेतला आणि त्याच स्ट्राइकचा पुट विकला, तर विमा कटतो आणि उधारीवर घेतलेला शेअर तेवढा उरतो. बाजारात याला सिंथेटिक शेअर म्हणतात.

या उधारीचा वापर फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये व्याजाच्या दरावर कायद्याची मर्यादा होती आणि रसेल सेज नावाच्या धनिकाला त्याहून जास्त व्याज हवं होतं. तो कर्ज मागणाऱ्याकडून शेअर विकत घेई, तोच शेअर ठरलेल्या किमतीला त्याच्याच माथी परत मारण्याचा हक्क घेई, म्हणजे पुट, आणि त्याला तो परत विकत घेण्याचा हक्क देई, म्हणजे कॉल. कागदावर कर्ज कुठेच नाही. पण शेअर घेतला, पुट घेतला, कॉल विकला की ठरलेल्या दिवशी ठरलेलीच रक्कम परत येते आणि आज दिलेल्या रकमेपेक्षा ती जितकी जास्त तेवढं व्याज. हे नातं शोधनिबंधात नीट मांडलं गेलं ते बरंच नंतर, १९६९ मध्ये हान्स स्टोल या अभ्यासकाने.

आता तुमच्या मित्राच्या बिनधोक पैशांकडे येऊ. सेजने जे केलं तेच आजही करतात, त्याला कन्व्हर्जन म्हणतात. समजा एके दिवशी शेअर १००० वर आहे, कॉल ३४ वर आणि पुट २५ वर. फरक ९ रुपये, असायला हवा ५.७२. कॉल महाग आहे, म्हणून तो विकायचा, पुट घ्यायचा आणि शेअर घ्यायचा. शेअरचे १००० आणि पुटचे २५ गेले, कॉलचे ३४ आले, खिशातून निव्वळ ९९१ गेले. एक्सपायरीला शेअर वर असेल तर कॉलवाला तो १००० ला घेऊन जाईल. खाली असेल तर पुट वापरून आपणच १००० ला विकू. दोन्ही बाजूंनी १००० येणार. ९९१ वर ३० दिवसांत ९ रुपये म्हणजे वर्षाला ११ टक्के, शेअर कुठेही जावो.

ऐकायला छानच वाटतं. ऑप्शनचा सौदा ठरलेल्या गठ्ठ्यानेच होतो, त्याला लॉट म्हणतात. आता ५०० शेअरचा लॉट धरून खरा हिशेब करू. ४ लाख ९५ हजार ५०० रुपये गुंतवले, ५ लाख परत येणार, वरकरणी नफा ४,५०० रुपये. २०१९ च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे सगळ्या शेअर ऑप्शनचा निकाल प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन लागतो. म्हणून डिलिव्हरीचा ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअरच्या खरेदी-विक्रीवरचा कर, आज खरेदीवर लागेल आणि एक्सपायरीला १००० च्या भावाने शेअर देताना पुन्हा लागेल. शेअरमागे २ रुपये, म्हणजे १,००० रुपये गेले. खरेदीवरची ०.०१५ टक्के स्टॅम्प ड्युटी ७५ रुपये. पडद्यावर कॉल ३४ दिसला तरी घेणारा ३३.५० लाच उभा असतो आणि २५ चा पुट विकणारा २५.५० मागतो. त्यात आणखी ५०० रुपये गेले. उरले २,९२५.

हेच ४ लाख ९५ हजार ५०० रुपये ७ टक्क्यांच्या ठेवीत ३० दिवस ठेवले असते तर साधारण २,८५० मिळाले असते. म्हणजे एवढ्या खटपटीचे जादा ७५ रुपये, आणि त्यातून विकलेल्या कॉलवरचा एसटीटी, ब्रोकरेज आणि एक्स्चेंजचं शुल्क अजून वजा व्हायचं आहे. पैसे ब्रोकरकडून व्याजाने घेतले असतील तर सरळ तोटा आहे, कारण त्या उधारीचा दर ठेवीच्या दरापेक्षा बराच चढा असतो.

कॉल विकला की मार्जिनही लागतं, म्हणजे ब्रोकरकडे हमीची रक्कम ठेवावी लागते. विकत घेतलेले शेअर तारण ठेवता येतात, पण त्यांची पूर्ण किंमत धरली जात नाही आणि मार्जिनचा निम्मा भाग रोख किंवा रोखीसमान असावा लागतो. शेअर मध्येच ११०० वर गेला तर विकलेल्या कॉलसाठी मार्जिन वाढवून मागतात. त्याच वेळी शेअरवर झालेला १०० रुपयांचा फायदा मात्र डीमॅट खात्यात नुसता दिसत असतो, तो पैसा वापरता येत नाही. अखेरचा हिशेब सुरक्षित असतो, पण महिन्याच्या मध्यात रोकड कमी पडली की ब्रोकर पोझिशन कापतो आणि मग ठरलेले १००० ठरलेले राहत नाहीत. एक्सपायरीच्या शेवटच्या दिवसांत डिलिव्हरीपोटी जादा मार्जिन लागतं, तीही रक्कम आधीच बाजूला हवी.

मोठ्या डेस्कना हे जमतं, कारण त्यांचा पैसा स्वस्त असतो आणि तिन्ही सौदे यंत्र एकाच क्षणी टाकतं. हाताने एकेक सौदा करायला गेलात तर शेअर आणि पुट मिळतो आणि कॉल विकेपर्यंत भाव सरकलेला असतो. तीन रुपयांच्या फरकासाठी निघालेला माणूस तीन रुपये गमावून थांबतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून मित्राचं पहिलं वाक्य बरोबर आहे आणि दुसरं जवळजवळ कधीच खरं ठरत नाही. ५.७२ हा एक नेमका बिंदू आहे, पण खर्चामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा तयार होतो. फरक त्या पट्ट्यात हिंडत राहतो आणि तो बिंदूकडे ओढायला कोणालाही परवडत नाही.

फरक उलट बाजूला झुकला, म्हणजे कॉल स्वस्त आणि पुट महाग दिसला, तर गोष्ट आणखी अडते. तिथे शेअर विकायचा, कॉल घ्यायचा, पुट विकायचा आणि आलेले पैसे ठेवीत टाकायचे असतात. पण जवळ शेअरच नसेल तर विकणार काय? आपल्याकडे सामान्य गुंतवणूकदाराला रोखीच्या बाजारात आधी विकून नंतर घेणं त्याच दिवसापुरतं करता येतं. महिनाभरासाठी शेअर उसना घ्यायची सोय एप्रिल २००८ पासून आहे, पण तिथे हवा तो शेअर हव्या त्या दिवशी मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी त्याचं भाडं द्यावं लागतं. ते भाडं पुट-कॉलच्या फरकात उतरतं. उसना मिळणारा शेअर जितका दुर्मीळ, तितका पुट पॅरिटीच्या हिशेबापेक्षा महाग.

याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. मार्च २००० मध्ये थ्रीकॉम कंपनीने आपल्या पाम या उपकंपनीचे साधारण ५ टक्के शेअर बाजारात आणले, बाकीचे स्वतःकडे ठेवले. पामचा भाव इतका चढला की त्या हिशेबाने थ्रीकॉमचा उरलेला सगळा धंदा शून्याखाली किमतीचा ठरत होता. पाम अवाजवी महाग आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण विकायला उसने शेअर मिळत नव्हते. मग लोकांनी पुट घेतले. पामचे पुट त्याच स्ट्राइकच्या कॉलपेक्षा कितीतरी महाग झाले. ऑप्शनमधून बनवलेला सिंथेटिक शेअर खऱ्या शेअरपेक्षा खूप स्वस्त होता आणि तो फरक बरेच दिवस मिटला नाही. फरक मिटवायला जो शेअर विकावा लागतो तोच कोणाच्या हाती लागत नव्हता.

मात्र पुट महाग दिसला की लगेच पामची गोष्ट आठवू नका. आधी लाभांश पाहा. थोरलीकडे खरा शेअर आहे, म्हणून लाभांश तिला मिळतो. धाकट्याच्या कॉलला मिळत नाही. समजा एक्सपायरीआधी कंपनी १२ रुपये लाभांश देणार आहे. मग थोरलीच्या बाजूला १२ रुपये जादा आहेत आणि तेवढे वजा करूनच तुलना करावी लागते. १००० वजा १२ वजा ९९४.२८, उत्तर उणे ६.२८. म्हणजे पुट कॉलपेक्षा सव्वासहा रुपयांनी महाग असणं हेच योग्य ठरतं, त्यात मंदीचा अंदाज अजिबात नाही.

ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. डेस्कवर पहिलंच वर्ष होतं. एका शेअरचा पुट कॉलपेक्षा महाग दिसला. आमच्याकडे ते शेअर आधीपासून होते. म्हणून शेअर विकले, कॉल घेतला, पुट विकला आणि रुपया-रुपया मोजून चांगला नफा कागदावर लिहिला. एक्स-डिव्हिडंड तारीख, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही ती तारीख, एक्सपायरीच्या आठवडाभर आधी होती, ती मी पाहिली नव्हती. त्या दिवशी शेअर लाभांशाएवढा खाली उघडला. आमच्याकडे शेअर नव्हता, म्हणून लाभांश नाही. सिंथेटिक शेअरच्या किमतीत ही घसरण आधीच धरलेली होती, म्हणूनच तो स्वस्त दिसत होता. मी ज्याला नफा म्हणत होतो तो लाभांशच होता, आणि तो मी दुसऱ्याला देऊन टाकला होता. तेव्हापासून किंमत पाहण्याआधी कंपनीच्या घोषणा पाहायच्या, हा क्रम मी कधी मोडला नाही. लाभांश शेअरच्या भावाच्या २ टक्के किंवा त्याहून मोठा असेल तर एक्स्चेंज स्ट्राइकच तेवढी खाली आणतं, त्यामुळे मोठ्या लाभांशात हा घोळ होत नाही. फसवतात ते लहान, नेहमीचे लाभांश.

आपल्या बाजारात एक गोष्ट आणखी आहे. इथे शेअरचे फ्युचर, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या ठरलेल्या दिवशी घेण्या-विकण्याचे करार, हेही जोरात चालतात आणि डेस्कवर कोणी पॅरिटी सहसा रोखीच्या शेअरशी ताडून पाहत नाही, फ्युचरशी पाहतो. फ्युचर विकायला उसना शेअर लागत नाही आणि डिलिव्हरीचा एसटीटी लगेच पडत नाही, म्हणून कॉल, पुट आणि त्याच एक्सपायरीचं फ्युचर ही तिकडी फार घट्ट बांधलेली असते. कॉल वजा पुट म्हणजे जवळपास फ्युचर वजा स्ट्राइक, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. निफ्टीचं फ्युचर २५,०८० वर असेल तर २५,००० चा कॉल त्याच स्ट्राइकच्या पुटपेक्षा साधारण ८० रुपयांनी महाग दिसेल, कॉल २९० तर पुट २१० असं काहीतरी.

सैल असते ती गाठ फ्युचर आणि रोखीच्या भावामधली. तुमच्या १००० च्या शेअरचं फ्युचर व्याजाच्या हिशेबाने १००५.७५ असायला हवं, पण विक्रीचा रेटा असेल तर ते १००२ वरही येतं. मग कॉल-पुटमधला फरकही २ रुपयांवर येतो. मार्च २०२० च्या घसरणीत निफ्टीचं फ्युचर रोखीच्या खाली घसरत होतं आणि पुट कॉलपेक्षा महाग दिसत होते. ऑप्शनचं गणित तेव्हाही शाबूत होतं. फक्त ज्याच्याशी ते बांधलेलं आहे ते फ्युचर खाली गेलं होतं. अशा वेळी फरकात थोडं मत उतरतं हे मान्य करायला हवं, पण ते फ्युचरच्या भावात उघड दिसतच असतं. त्यासाठी ऑप्शन चेन चाळायची गरज नाही.

यावरून एक नेहमीची शंकाही सुटते. आयव्ही म्हणजे ऑप्शनच्या किमतीवरून काढलेला शेअरच्या अपेक्षित हालचालीचा अंदाज. अनेक ॲपवर एकाच स्ट्राइकच्या कॉलची आयव्ही १८ आणि पुटची २१ अशी दिसते आणि लोक त्यातून भीतीचे अर्थ काढतात. वर सांगितल्याप्रमाणे पुट आणि कॉल एकमेकांना बांधलेले आहेत, त्यामुळे एकाच स्ट्राइकला आणि एकाच एक्सपायरीला दोन्हींची आयव्ही एकच असायला हवी. वेगळी दिसते कारण ॲप रोखीचा भाव घेतं, व्याजाचा एक ठराविक दर धरतं आणि लाभांश किंवा फ्युचरची घसरण त्याच्या हिशेबात नसते. रोखीऐवजी फ्युचरचा भाव घालून आयव्ही काढली की दोन्ही आकडे जवळ येतात.

स्वतः ताडून पाहायचं असेल तर शेवटच्या सौद्याचा भाव कधीच वापरू नका. पॅरिटी मोडल्याची जी उदाहरणं लोक मला दाखवतात, त्यांतल्या बहुतेकांमध्ये पुटचा शेवटचा सौदा सकाळी सव्वादहाचा असतो आणि शेअरचा भाव दुपारी दोनचा. मधल्या वेळात शेअर पंधरा रुपयांनी हललेला असतो. शेअरच्या भावापासून खूप दूरच्या स्ट्राइकला हे हमखास होतं, कारण तिथे तासन्‌तास सौदाच होत नाही. त्या क्षणी घेणारा काय देतोय आणि विकणारा काय मागतोय ते पाहा. कॉल विकायचा तर घेणाऱ्याचा भाव धरा, पुट घ्यायचा तर विकणाऱ्याचा. शेअरच्या भावाजवळची स्ट्राइक निवडा, फ्युचरचा भाव शेजारी लिहा, लाभांशाची तारीख पाहा आणि मग वजाबाकी करा. एवढं केल्यावरही चार-पाच रुपये जादा दिसले तर वर केलेला लॉटचा हिशेब आपल्या ब्रोकरच्या दरांनी पुन्हा मांडा.

अमेरिकन बाजाराचे आकडे पाहत असाल तर एक फरक ध्यानात ठेवा. तिथले शेअरवरचे ऑप्शन मुदतीआधी केव्हाही वापरता येतात. थोरली आणि धाकट्याची तुलना एक्सपायरीच्या दिवसावर उभी आहे, त्यामुळे मध्येच कोणी पुट वापरला किंवा लाभांशासाठी कॉल वापरला की ती तंतोतंत राहत नाही आणि बरोबरीच्या जागी एक वरची आणि एक खालची मर्यादा येते. आपल्याकडेही शेअरचे ऑप्शन आधी तसेच होते. २०११ पासून ते फक्त एक्सपायरीलाच वापरता येणारे झाले, म्हणून इथे बरोबरी थेट लावता येते.

तुम्ही ट्रेडिंग करत नसाल, नुसते शेअर बाळगून असाल, तरी या नात्याचा एक उपयोग आहे. समजा तुमच्याकडे हेच ५०० शेअर आहेत आणि निकालाआधी धास्ती वाटते. एक मार्ग म्हणजे शेअर ठेवून पुट घ्यायचा. दुसरा म्हणजे शेअर विकून टाकायचे, पैसे ठेवीत ठेवायचे आणि कॉल घ्यायचा. पहिल्या मार्गाने तुम्ही थोरली होता, दुसऱ्याने धाकटा. जोखीम सारखी, म्हणून निवड राहिलेल्या गोष्टींवर करायची. शेअर विकले तर एसटीटी लागेल, नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागेल, लाभांश जाईल, आणि शेअर परत हवे असतील तर पुन्हा खरेदीचा खर्च येईल. शेअर ठेवले तर यातलं काही नाही, फक्त २५.३० च्या हिशेबाने लॉटचे १२,६५० रुपये पुटसाठी रोख द्यावे लागतील. पण शेअर स्ट्राइकच्या खाली असताना पुट एक्सपायरीपर्यंत धरलात तर ५०० शेअर तुमच्या डीमॅटमधून खरोखर जातील. शेअर सोडायचे नसतील तर शेवटच्या आठवड्याआधीच तो पुट बाजारात विकून मोकळे व्हा.